रॅम्पला डिफरन्शिएटरचं आउटपुट सपाट यायला हवं, मग ही लाट कुठून? आणि सिरीजमधला रेझिस्टर नक्की काय करतो?

ऐरोली_टीई
७४१ वर डिफरन्शिएटर लावला आहे. इनपुटला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, फीडबॅकला १०० किलोओहम, सप्लाय ±१२ व्होल्ट. फंक्शन जनरेटरवरून १ किलोहर्ट्झचा ट्रँगल देतोय, पीक-टू-पीक २ व्होल्ट.

सूत्र `Vout = -R·C·dVin/dt`. म्हणजे चढत्या उतारावर सपाट ऋण आणि उतरत्या उतारावर सपाट धन, थोडक्यात चौकोनी लाट दिसायला हवी. स्कोपवर चौकोन ओळखू येतो, पण प्रत्येक कोपऱ्यानंतर मोठी लाट उठते, हळूहळू लहान होते आणि ती पुरती विझायच्या आत पुढचा कोपरा येतो. दोन शिखरांमध्ये साधारण ८० मायक्रोसेकंद.

लॅब मॅन्युअलमध्ये 'प्रॅक्टिकल सर्किट' म्हणून कपॅसिटरच्या आधी सिरीजमध्ये २.२ किलोओहम दाखवला आहे. तो लावला की लाट जाते. पण वरच्या सूत्रात तो कुठेच नाही, मग आउटपुटचा आकडा बदलायला नको का? व्हायवाला 'नॉइज कमी होतो' एवढंच सांगायचं नाहीये.

घोडबंदर_लॅब
तो रेझिस्टर बायस करंटसाठी असतो. ७४१ चा बायस करंट ८० नॅनोअँपच्या आसपास. तो १०० किलोओहममधून गेला की आउटपुटला ८ मिलिव्होल्टचा ऑफसेट येतो. तेवढाच रेझिस्टर दुसऱ्या पिनला लावला की ऑफसेट बराचसा जातो. व्हायवाला हेच सांग.

जुना_सोल्डर
घोडबंदर, तुम्ही म्हणताय तो नॉन-इन्व्हर्टिंग पिनपासून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर. तो वेगळा, आणि त्याची किंमत १०० किलोओहम असते. पोरगा विचारतोय तो कपॅसिटरच्या सिरीजमधला, २.२ वाला. त्याचा बायस करंटशी संबंध नाही, कारण त्या वाटेवर कपॅसिटर बसलाय आणि त्यातून डीसी जात नाही.

ऐरोली, आधी आउटपुटचा आकडा बघू. तुझा ट्रँगल अर्ध्या मिलिसेकंदात २ व्होल्ट चढतो, म्हणजे उतार ४००० व्होल्ट प्रतिसेकंद. कपॅसिटरमधला करंट `C·dV/dt`, म्हणजे ४० मायक्रोअँप. उतार स्थिर आहे तोवर हा करंटही स्थिर. इन्व्हर्टिंग पिन काही घेत नाही, त्यामुळे सगळे ४० मायक्रोअँप १०० किलोओहममधून जातात आणि आउटपुट −४ व्होल्टवर बसतं. उतरताना +४.

आता सिरीजमध्ये २.२ किलोओहम घाल. त्याच ४० मायक्रोअँपने त्याच्यावर ८८ मिलिव्होल्ट पडतात. पण हे ८८ मिलिव्होल्ट *स्थिर* आहेत. कपॅसिटरला मिळणारी रॅम्प तेवढ्याने खाली सरकते, तिचा उतार मात्र तोच राहतो. उतार तोच म्हणजे करंट तोच, करंट तोच म्हणजे आउटपुट ४ व्होल्टच. म्हणून सूत्रात तो दिसत नाही. फरक पडतो तो फक्त उतार बदलतो त्या क्षणी. ८८ मिलिव्होल्टची दिशा उलटायला थोडा वेळ लागतो, आणि त्याचा टाइम कॉन्स्टंट `R1·C`, म्हणजे २२ मायक्रोसेकंद. तुझ्या ५०० मायक्रोसेकंदांच्या उतारापुढे हे किरकोळ आहे.

लाटेबद्दल रात्री लिहितो.

कळवेकर
काका, हे पटत नाही. R1 आल्यावर गेन R/R1 होतो, म्हणजे १०० भागिले २.२, सुमारे ४५. गेन बांधला गेला तर आउटपुट बदलणारच ना?

आणि लाटेचं कारण सरळ आहे, ७४१ स्लो आहे. स्लू रेट अर्धा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. टीएल०७२ टाक, लाट जाईल. लॅमिंग्टन रोडला जायचीही गरज नाही, ठाण्यातही मिळतो.

जुना_सोल्डर
४५ हा वरच्या टोकाचा गेन आहे. कपॅसिटरचा इंपीडन्स २.२ किलोओहमपेक्षा बराच खाली गेल्यावर, म्हणजे इथे ७ किलोहर्ट्झच्या बऱ्याच वर, तो लागू होतो. ट्रँगलचा मुख्य भाग १ किलोहर्ट्झला आहे. तिथे कपॅसिटर १६ किलोओहमचा दिसतो आणि त्याच्यापुढे २.२ ला फारसं बोलता येत नाही. ४५ ही कमाल मर्यादा आहे, रॅम्पचा गेन नाही.

स्लू रेटचं म्हणणं अर्धं बरोबर. −४ वरून +४ ला जायला ८ व्होल्ट, म्हणजे ७४१ ला १६ मायक्रोसेकंद. त्यामुळे कोपऱ्यानंतरच्या पहिल्या लाटेच्या बाजू साइनसारख्या गोल न दिसता सरळ तिरक्या दिसतील. ऐरोली, स्कोपवर बघून सांग. पण स्लू रेटने लाटेचा आकार बदलतो, लाट *उठत* नाही. ती उठते फेजमुळे.

डिफरन्शिएटरमध्ये आउटपुटचा सिग्नल १०० किलोओहममधून इन्व्हर्टिंग पिनला परत येतो. त्या पिनपासून कपॅसिटर जनरेटरमार्फत ग्राउंडला जातो. म्हणजे फीडबॅकच्या वाटेवर साधा आरसी लो-पास फिल्टर बसलाय, कटऑफ १५९ हर्ट्झ. त्याच्या बरंच वर गेलं की हा फिल्टर परत येणाऱ्या सिग्नलला जवळपास ९० अंश मागे टाकतो. ७४१ स्वतःच्या आतल्या कॉम्पेन्सेशनमुळे ५ हर्ट्झच्या वर आधीच ९० अंश मागे असतो. दोन्ही मिळून १८०. नकारात्मक म्हणून लावलेला फीडबॅक तिथे सकारात्मक होऊ लागतो.

नेमकं कुठे, तर लूपचा एकूण गेन १ होतो तिथे. ती जागा १५९ हर्ट्झ आणि ७४१ चा १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थ यांच्या भूमितीय मध्यावर पडते. `sqrt(159 × 1000000)`, येतात १२.६ किलोहर्ट्झ. एका आवर्तनाला ७९ मायक्रोसेकंद. तुझ्या स्कोपवरचे ८० तेच.

तिथे फेज मार्जिन उरतो एक अंशापेक्षाही कमी. जनरेटरचे स्वतःचे ५० ओहम कपॅसिटरच्या सिरीजमध्ये आहेत म्हणून आणखी दोन-सव्वादोन अंश मिळतात. लाट हळूहळू का होईना विझते ती त्या ५० ओहममुळे.

कळवेकर
मग टीएल०७२ ने फेज सुधारेल ना? बँडविड्थ तिप्पट.

जुना_सोल्डर
नाही सुधारत. तो मध्यबिंदू २२ किलोहर्ट्झकडे सरकतो आणि तिथे आरसी फिल्टर ९० अंशांच्या अजून जवळ पोचलेला असतो. ऑप-अँप बदलून लाट फक्त जास्त दाट होते. ५० ओहमचा आधार तिथे किंचित जास्त मिळतो, पण त्यावर विसंबून सर्किट करायचं नसतं. मागच्या स्टेजला जनरेटरऐवजी दुसरा ऑप-अँप असला की ते ५० ओहमही गेले.

R1 नक्की काय करतो ते आता बघ. वरच्या फ्रीक्वेन्सीला कपॅसिटर जवळजवळ शॉर्ट, आणि उरतात १०० किलोओहम व २.२ किलोओहम. म्हणजे निव्वळ रेझिस्टरांचा डिव्हायडर, आणि त्यात फेज मागे पडत नाही. आरसीने मागे टाकलेले ९० अंश हळूहळू परत मिळतात. ७.२ किलोहर्ट्झला निम्मे परत आले, पुढे आणखी. लूपचा गेन १ होतो ती जागाही थोडी वर, २३ किलोहर्ट्झला जाते. तिथे फेज मार्जिन ७० अंशांच्या वर. लाट संपली.

सिम_नेरुळ
ऐरोली, सिम्युलेटरमध्ये आदर्श ऑप-अँप टाकलास तर हे काहीच दिसणार नाही, R1 शिवायही चकचकीत चौकोन येईल. आदर्श ऑप-अँप फेज मागे टाकतच नाही. निदान एक पोल तरी द्यावा लागतो. एनजीस्पाइससाठी हे पुरेसं:

```
* differentiator, GBW 1 MHz
Vin in 0 PULSE(-1 1 0 0.499m 0.499m 1u 1m)
R1  in a 2.2k
C1  a  n 10n
Rf  n  out 100k
G1  0  x 0 n 1m
Rx  x  0 200Meg
Cx  x  0 159p
E1  out 0 x 0 1
.tran 0.1u 5m
.end
```

`G1`, `Rx`, `Cx` मिळून ७४१ चा दोन लाखांचा गेन आणि ५ हर्ट्झचा पोल बनतो. `R1` ला आधी 50 दे, मग 1.2k, 2.2k, 4.7k, 22k. यात स्लू रेट आणि सप्लायची मर्यादा नाही, त्यामुळे ५० ओहमला लाट १२ व्होल्टच्याही थोडीफार जवळ जाईल. खऱ्या ७४१ वर ती ±१० च्या आसपासच कापली जाते.

ऐरोली_टीई
चालवून बघितलं. ५० ओहमला स्कोपवर दिसतं तसंच. आणि हो, खऱ्या सर्किटमध्ये पहिल्या लाटेच्या बाजू सरळ तिरक्या आहेत, काका म्हणाले तशा.

१.२ किलोओहमला कोपऱ्यावर एक उशी राहते, दीड व्होल्टच्या आसपास वर जाऊन परत ४ वर. २.२ ला जवळपास काहीच नाही, ६०-७० मायक्रोसेकंदांत बसतं. ४.७ ला उशी नाही पण चढायला वेळ, २०० मायक्रोसेकंद. आणि २२ किलोओहमला वरचा भाग सपाट होतच नाही, वाकडाच राहतो आणि सव्वातीन व्होल्टपर्यंतच पोचतो. मग आकडा बदललाच की!

जुना_सोल्डर
बदलला, कारण त्याला वेळ पुरला नाही. २२ किलोओहमला टाइम कॉन्स्टंट २२० मायक्रोसेकंद आणि उतार ५०० चा. सव्वादोन टाइम कॉन्स्टंटमध्ये आउटपुट मुक्कामाला पोचण्याआधीच ट्रँगल उलटतो. हाच २२ किलोओहम ठेवून फ्रीक्वेन्सी १०० हर्ट्झ कर. उतार दहापट कमी, म्हणून आउटपुट ०.४ व्होल्ट येईल, पण पूर्ण ०.४ आणि सपाट. मुक्कामाचा आकडा R1 ठरवत नाही, तिथे पोचायचा वेळ ठरवतो.

त्यामुळे R1 ची निवड दोन बाजूंनी होते. खालची मर्यादा फेजची: कपॅसिटरचा इंपीडन्स १२.६ किलोहर्ट्झला जेवढा, तेवढा तरी हवा, म्हणजे सव्वा किलोओहम. थोडी उशीही नको असेल तर त्याच्या पावणेदोनपट ते दुप्पट. वरची मर्यादा तुझ्या सर्वांत छोट्या उताराची: `R1·C` त्याच्या दहाव्या भागाच्या आत ठेव. इथे ५० मायक्रोसेकंद, म्हणजे ५ किलोओहम. मधे २.२ आरामात बसतो.

टीएल०७२ ची खरी मजा इथे आहे, कळवेकर. त्याच्यासोबत १.२ किलोओहम पुरतो आणि आउटपुट जवळपास निम्म्या वेळात बसतं. वेगवान ऑप-अँप R1 ची जागा घेत नाही, पण R1 लहान ठेवू देतो.

रबाळे_पॅनेल
माझी केस वेगळी आहे. टाकीच्या लेव्हल ट्रान्समीटरचं ४-२० मिलिअँप, २५० ओहमवर १ ते ५ व्होल्ट. लेव्हल वाढण्याचा वेग हवाय, जास्त झाला तर अलार्म. साधारण १०० सेकंदांत १ व्होल्ट वाढतो. तीही रॅम्पच. मग हेच सर्किट मोठ्या आरसीने होईल का? R1 किती ठेवू?

जुना_सोल्डर
उतार ०.०१ व्होल्ट प्रतिसेकंद. आउटपुट १ व्होल्ट हवं तर `R·C` १०० सेकंद, म्हणजे १० मायक्रोफॅरड आणि १० मेगाओहम. ७४१ च्या बायस करंटनेच १० मेगाओहमवर ०.८ व्होल्ट पडतील, सिग्नलएवढाच ऑफसेट. जेफेट इनपुटचा घेतलात तर तो प्रश्न सुटेल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती सुटणार नाही, कारण तुमचा सिग्नल करंटच ०.१ मायक्रोअँप आहे. आणि पावसाळ्यात बोर्डावर ओल धरली की १० मेगाओहमचा भरवसा संपला.

त्याहून वाईट म्हणजे ५० हर्ट्झ. केबलवर १० मिलिव्होल्टचा हम असला तरी त्याचा उतार ३ व्होल्ट प्रतिसेकंद, तुमच्या सिग्नलच्या तीनशेपट. तो मारायचा तर R1 इतका मोठा लागेल की दुसरे प्रश्न सुरू होतील. पॅनेलमध्ये पीएलसी आहे ना? दर १० सेकंदांची लेव्हल साठवा, आधीचं वाचन वजा करा. ॲनालॉगचा हट्ट करू नका.

रबाळे_पॅनेल
पीएलसी आहे, पण ॲनालॉग कार्डाला एकच चॅनेल उरलंय आणि ते लेव्हललाच लागेल.

जुना_सोल्डर
एकच पुरतं. वेग त्याच वाचनातून काढायचा आहे.

सिम_नेरुळ
एक शंका. मायक्रोकंट्रोलरच्या ८-बिट डॅकने रॅम्प तयार करून दिली तर?

जुना_सोल्डर
ती रॅम्प नसते, जिना असतो. २ व्होल्टचे २५५ टप्पे, प्रत्येक जेमतेम ८ मिलिव्होल्ट. अर्ध्या मिलिसेकंदात चढवलात तर दर २ मायक्रोसेकंदाला एक पायरी. २२ मायक्रोसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटमध्ये दहा-अकरा पायऱ्या मिसळून जातात, वर बारीक रिपल उरतो, सरासरी ४ व्होल्टच. पण तीच रॅम्प ५० मिलिसेकंदांत चढवलीत तर दोन पायऱ्यांमध्ये २०० मायक्रोसेकंद, प्रत्येक पायरीचा वेगळा स्पाइक आणि मधे शून्य. स्कोपवर कंगवा दिसेल. सरासरी हिशोबाने बरोबर, ४० मिलिव्होल्ट, पण वापरायला निरुपयोगी. सर्किटला दोष देण्याआधी इनपुट झूम करून बघावं.

ट्रँगलऐवजी सॉटूथ देणाऱ्यांसाठीही एक. २ व्होल्ट एका मायक्रोसेकंदात खाली पडतात तिथे सूत्र २००० व्होल्ट सांगतं. R1 ने ते ९० वर येतं, तरी सप्लायच्या कितीतरी वर. आउटपुट वरच्या टोकाला चिकटतं आणि इन्व्हर्टिंग पिन शून्यावर राहत नाही. मग कपॅसिटरमधला २० नॅनोकूलोंब चार्ज फक्त १०० किलोओहममधून, शंभर-सव्वाशे मायक्रोअँपने भरून निघतो. दीडशे मायक्रोसेकंद तरी आउटपुटवर जे दिसतं त्याचा सूत्राशी काही संबंध नसतो. त्याला रिंगिंग समजून R1 वाढवत बसू नये.

खारीगाव_आरएफ
सगळं ठीक, पण R1 'लागतोच' हे मला मान्य नाही. फीडबॅकच्या १०० किलोओहमला समांतर २२० पिकोफॅरड लावा, R1 काढा. वरच्या टोकाला गेन `C/Cf`, म्हणजे तोच ४५. फेजही तशीच परत मिळते. फोटोडायोडच्या ॲम्प्लिफायरमध्ये सगळे हेच करतात, तिथे सिरीजमध्ये कोण रेझिस्टर घालतं?

जुना_सोल्डर
लूपच्या स्थिरतेपुरतं तुमचं बरोबर आहे, नाकारत नाही. पण R1 काढला की मागच्या स्टेजला १० नॅनोफॅरड थेट व्हर्च्युअल ग्राउंडला दिसतो. मागे जनरेटर असेल तर चालेल. मागे दुसरा ऑप-अँप असेल तर तो कपॅसिटिव्ह लोडने स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो, आणि मग लोक डिफरन्शिएटरमध्ये चूक शोधत बसतात. फोटोडायोडच्या मागे असा ऑप-अँप नसतो.

खारीगाव_आरएफ
त्यासाठी १०० ओहम पुरेत, २.२ किलोओहम कशाला?

घोडबंदर_लॅब
मॅन्युअलमध्ये दोन्ही आहेत, R1 आणि Cf, आणि `R1·C = R·Cf` अशी अट आहे. मुलांकडून तसंच करून घेतो.

जुना_सोल्डर
ती अट पाळली तर Cf नेमका २२० पिकोफॅरड येतो. ७४१ वर मला त्याचा फारसा उपयोग दिसत नाही, कारण ४५ च्या गेनला ७४१ स्वतःच २२ किलोहर्ट्झपासून उतरायला लागतो. वेगवान ऑप-अँप असेल तर मात्र Cf ने वरचा नॉइज खरोखर कमी होतो, थोडा जास्त सेटलिंग वेळ देऊन. खारीगावांच्या १०० ओहम अधिक २२० पिकोफॅरडला माझी हरकत नाही, पण मी २.२ च घालीन.

ऐरोली_टीई
तिन्ही लावून बघतो: फक्त R1, फक्त Cf आणि दोन्ही. १०३ छापलेला सिरॅमिक डिस्क वापरतोय, तो चालेल का?

खारीगाव_आरएफ
तुलनेला चालेल. पण ४ व्होल्टचा आकडा जुळवून बघायचा असेल तर पॉलिएस्टर घे. स्वस्तातल्या डिस्कमध्ये टॉलरन्सच इतका असतो की ३.४ आला तरी आश्चर्य नाही. आणि ४ व ७ नंबरच्या पिनांना प्रत्येकी १०० नॅनोफॅरड ग्राउंडला, पिनेला चिकटून. नाहीतर सप्लायची लाट बघून Cf ला शिव्या देशील.